चौकट वाचता आली नाही, तर मुख्याध्यापकांना काय लिहायचं?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. नदीकाठच्या गावांत आणि शहरांच्या सखल भागांत ज्या इमारतींच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, त्यांत शाळाही होत्या. आणि शाळेचं जुनं दप्तर बहुधा तळमजल्यावरच, ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असतं, कारण ते जड असतं आणि रोज लागत नाही.

पूर ओसरल्यावर असं दप्तर वाळवून त्यातली निकालपत्रकं संगणकावर उतरवायचं काम कुणाकडे तरी येतं. कधी शाळेचा लिपिक ते करतो, कधी एखादा माजी विद्यार्थी. तक्ता तयार होतो, पेन ड्राइव्हवर मुख्याध्यापकांना दिला जातो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पडद्यावरचा तक्ता फार स्वच्छ दिसतो. पुसट झालेला ३३ आणि ठसठशीत लिहिलेला ३३ तिथं एकाच टायपात येतात. चार वर्षांनी कुणी दुबार गुणपत्रक मागायला आलं, की त्या आकड्याखाली सही मुख्याध्यापकांची पडणार. म्हणून तक्त्याबरोबर एक पत्र हवं: कोणता आकडा वाचला, कोणता हिशेबानं काढला, कुठं काय गृहीत धरलं आणि काय वाचताच आलं नाही, हे सांगणारं. ते पत्र कसं तयार होतं, ते एका बेतलेल्या उदाहरणावर पाहू. आकडे माझे आहेत, अडचणी मात्र ओल्या दप्तरात नेहमी सापडणाऱ्या.

इयत्ता आठवी, सन २०१७-१८, दुसरं सत्र, पट ४२. त्या वेळचं मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे चालायचं. सातवी-आठवीला प्रत्येक विषयात आकारिक ४० गुण आणि संकलित ६० गुण; संकलितमध्ये तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० आणि लेखी ५०. एकूण शंभरावरून श्रेणी: ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, पुढं दहा-दहाच्या टप्प्यानं ब-१, ब-२, क-१, क-२, मग ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली इ-१, इ-२. म्हणजे एका मुलाच्या एका विषयाला पाच चौकटी झाल्या: आकारिक, तोंडी, लेखी, एकूण, श्रेणी. सहा विषय धरले तर ओळीला तीस चौकटी, आणि ४२ मुलांच्या मिळून १२६०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचं मूल्यमापन फक्त आकारिक असतं. ते रकाने इथं बाजूला ठेवले आहेत.

ही पाच चौकटींची रचना आपल्या कामाची आहे, कारण त्यांतल्या दोन चौकटी नवीन काही सांगत नाहीत. एकूण ही बेरीज आहे आणि श्रेणी ही त्या बेरजेची सावली. निकालपत्रक लिहिणाऱ्या गुरुजींना ती दोन वाढीव कामं वाटली असतील. पुरानंतर मात्र तीच दोन खाणी ठरतात.

हिशेबाआधी डोळ्यांचं काम पुरतं संपवायला हवं. बॉलपेनाची शाई तेलकट असते, पाण्यात बरीच टिकते. शाईपेनाची आणि बऱ्याच जेलपेनांची पसरते. शाई गेली तरी बॉलपेन दाबून लिहिल्याची चरी कागदात राहते. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळपास समांतर धरला, की ती चरी सावलीनं उठून दिसते. दुसरी गोष्ट, वही मिटलेली असताना भिजली असेल तर पसरलेल्या शाईचा ठसा समोरच्या पानावर उमटतो, अर्थातच उलटा. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये आडवा उलटवला की मूळ पानावर पुसलेला आकडा तिथं सरळ वाचता येतो. पण हाच ठसा फसवतोही. समोरून आलेली एखादी रेघ आधीच्या आकड्यावर बसते आणि त्याला वेगळाच आकडा करून टाकते. म्हणून चरीवरून किंवा ठशावरून वाचलेल्या चौकटीपुढं शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून ठेवावं.

मग तक्ता दोन माणसांनी दोन वेगळ्या पानांवर, एकमेकांचं न बघता टंकावा. दोन्ही पानं जिथं जुळत नाहीत तिथं थांबायचं:

```
=IF(A!E19=B!E19,"","पाहा")
```

मिळतंजुळतं वाचणारी दोन माणसं एकच चूक करू शकतात, हे खरं. पण टंकताना झालेल्या चुका यात जवळपास सगळ्या सापडतात.

मराठी निकालपत्रकात सगळ्यात जास्त फसवणारी जोडी १ आणि ९ ची. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखेच होतात. त्यात इंग्रजीच्या बाईंनी आपले रकाने इंग्रजी अंकांत भरलेले असतात, आणि इंग्रजी नऊ तर देवनागरी १ सारखाच दिसतो. इंग्रजी आठ आणि देवनागरी ४ यांचंही तसंच. कुठल्या रकान्यात कुठले अंक धरले, हे पहिलं गृहीतक, आणि ते पत्रात यायलाच हवं. ताळा सोपा आहे: लेखी ५० पैकी असताना एखादा आकडा ८० च्या घरात वाचला जात असेल, तर तो अंक इंग्रजी आठ नसून देवनागरी चार आहे.

अक्षर ओळखायला एक हक्काची किल्ली त्याच पानावर असते. हजेरी क्रमांकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आपल्याला आधीच माहीत असतं. ९, १९, २९, ३९ हे चार नऊ आणि १ पासून ४१ पर्यंतचे एक, त्याच हातानं लिहिलेले. गुणांमधला शंकास्पद अंक त्यांच्याशी ताडून पाहावा. फक्त क्रमांक वर्गशिक्षकांनी आणि गुण विषयशिक्षकांनी लिहिले असतील तर ही किल्ली लागत नाही.

आता हिशेब. हजेरी क्रमांक १७, गणित: आकारिक ३१, तोंडी ८, लेखी पुसलेलं, एकूण ७२, श्रेणी ब-१. बहात्तरातून एकोणचाळीस गेले, लेखी ३३. श्रेणीही ७१ ते ८० च्या टप्प्यात बसते. हा आकडा तक्त्यात घालायला हरकत नाही, पण तो ‘वाचलेला’ नाही, ‘काढलेला’ आहे. त्याचा रंग वेगळा, शेरा वेगळा. कारण गुरुजींनी बेरीज बरोबर केली होती, हे आपण त्यात गुपचूप धरून चाललो. ते कितपत खरं, हेही तपासता येतं. आमच्या तक्त्यात ४२ मुलं आणि सहा विषय मिळून २५२ बेरजा होतात. त्यांतल्या २३७ ठिकाणी सगळे आकडे निर्विवाद वाचता आले. त्या २३७ मध्ये ३ बेरजा मुळातच चुकलेल्या निघाल्या. त्या तिन्ही ठिकाणी तक्त्यात मूळ आकडे तसेच ठेवायचे, दुरुस्त करायचे नाहीत. दुरुस्तीचा अधिकार टंकणाऱ्याचा नव्हे. पण मुख्याध्यापकांना हे ‘२३७ पैकी ३’ सांगितलं, की ‘काढलेल्या’ आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा याचा अंदाज त्यांना स्वतःला येतो.

बेरजेचा ताळा कुठं आंधळा असतो, ते हजेरी क्रमांक ८ वर कळतं. गणितात आकारिक ३१ किंवा ३९, तोंडी ९ किंवा १, लेखी ३८, एकूण ७८, श्रेणी ब-१. एकतीस, नऊ आणि अडतीस मिळून अठ्ठ्याहत्तर. एकोणचाळीस, एक आणि अडतीस मिळूनही अठ्ठ्याहत्तर. एका चौकटीतला नऊ दुसरीत गेला तरी बेरीज हलत नाही. ज्या मुलाला लेखीत ३८ आहेत त्याला तोंडीत दहापैकी एकच कसा मिळेल, असं मनात येतं, आणि पहिलं वाचन बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. तरीही ही अटकळ झाली. तोंडीच्या दिवशी ते मूल आजारी असेल, गप्प बसलं असेल. अशा वेळी तक्त्यात ३१ आणि ९ लिहावेत, पण दुसरं वाचन शेऱ्यात पूर्ण द्यावं. एकूण आणि श्रेणीला यातून धक्का लागत नाही, हेही लिहावं. वाचणाऱ्याचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडतो.

याहून गुंतलेलं प्रकरण हजेरी क्रमांक २३ आणि ३१ चं. दोघांच्याही गणिताच्या लेखी, एकूण आणि श्रेणी या चौकटींवर पाण्याचा डाग. क्रमांक २३ चे आकारिक २४ आणि तोंडी ६, मिळून ३०. लेखीतला दशकाचा २ तेवढा दिसतो. क्रमांक ३१ चे २९ आणि ७, मिळून ३६. त्याच्याही लेखीत दशकाचा २. पहिल्याचं एकूण ५० ते ५९ च्या दरम्यान, दुसऱ्याचं ५६ ते ६५ च्या. इथं बेरीज थकते. पण पानाच्या तळाशी श्रेणीनिहाय गोषवारा असतो, किती मुलांना कोणती श्रेणी, त्याचा. गणितात ब-२ ला ९ मुलं आणि क-१ ला ७ मुलं अशी नोंद आहे. वर मोजली तर ब-२ ची ८ आणि क-१ ची ६ सापडतात, बाकी श्रेण्या जुळतात. म्हणजे उरलेल्या दोघांत एक ब-२, एक क-१. क्रमांक २३ चं एकूण जास्तीत जास्त ५९, त्याला ब-२ मिळूच शकत नाही, त्याची क-१. मग क्रमांक ३१ ची ब-२.

दोन्ही श्रेण्या मिळाल्या. गुण मात्र नाही मिळाले. क्रमांक ३१ ला ब-२ म्हणजे एकूण किमान ६१, म्हणून लेखी २५ ते २९ मधलं काहीतरी. क्रमांक २३ चं लेखी २१ ते २९. इथं मधला आकडा घालून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि तो मोह आवरणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे असं मला वाटतं. पाच शक्यतांपैकी एक उचलून लिहिली की तक्ता भरल्यासारखा दिसतो आणि पुढच्या माणसाला तो आकडा निकालपत्रकात होता असंच वाटतं. चौकटीत ‘वाना’ लिहावं, म्हणजे वाचता येत नाही, आणि शेऱ्यात मर्यादा द्यावी.

‘वाना’ लिहायचं, चौकट रिकामी सोडायची नाही, यालाही कारण आहे. एक्सेल रिकामी चौकट बेरजेत मुकाट्यानं शून्य धरतं.

```
=C25+D25+E25
```

E25 रिकामी असेल तर उत्तर येतं आणि ते चुकीचं असतं. तिथं ‘वाना’ असेल तर #VALUE! अशी बोंब उठते, आणि ती उठायलाच हवी. SUM मात्र मजकूर गाळून उरलेल्याची बेरीज देतं, म्हणून या कामात साधं अधिकचं चिन्ह बरं. AVERAGE सुद्धा मजकूर गाळतं. आमच्या तक्त्यात हिंदीच्या लेखीत एक मूल गैरहजर, तिथं मूळ पानावर लाल शाईत ‘गै’. आणखी दोघांचं वाचता येत नाही. सरासरी निघते ती ४२ जणांची नव्हे, ३९ जणांची. ‘गै’, ‘०’ आणि ‘—’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. त्या जशा दिसल्या तशाच उतरवायच्या. आणखी एक लहानसा सापळा: काही शिक्षक तोंडीचे गुण ‘८/१०’ असे लिहितात. तसेच टंकले की एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं, आठ ऑक्टोबर. फक्त ८ लिहावं आणि तसं केल्याचं पत्रात सांगावं.

एवढं झालं की पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. ते एका पानात बसावं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोषण आहाराच्या हिशेबापासून केंद्रप्रमुखांच्या पत्रांपर्यंत ढीग असतो. त्यांना पहिल्या तीन ओळींत कळायला हवं की आपल्याला काय करायचं आहे. आमच्या उदाहरणातलं पत्र असं होईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम,

विषय: इ. ८ वी, सन २०१७-१८, द्वितीय सत्र निकालपत्रकाच्या संगणकीय तक्त्याबाबत.

महोदया,

वरील निकालपत्रकाचा तक्ता सोबत सादर करत आहे. एकूण १२६० चौकटींपैकी १२३७ निर्विवाद वाचता आल्या. उरलेल्या २३ चौकटी मूळ पत्रक समोर ठेवून आपण पाहाव्यात, ही विनंती. तोवर तक्त्यावरून दुबार गुणपत्रक देऊ नये.

या २३ पैकी ९ चौकटींतले गुण एकूणातून वजाबाकी करून काढले आहेत (पिवळा रंग). मूळ बेरीज बरोबर आहे असे त्यात गृहीत धरले आहे. सर्व आकडे स्पष्ट असलेल्या २३७ बेरजांपैकी ३ मुळात जुळत नाहीत. त्या दुरुस्त केलेल्या नाहीत, यादी सोबत आहे.

हजेरी क्र. ८ च्या गणितातील २ चौकटींत १ की ९ हे ठरत नाही. ३१ व ९ असे वाचले आहे. ३९ व १ असेही वाचता येते. एकूण व श्रेणी दोन्ही वाचनांत तीच राहते.

हजेरी क्र. २३ व ३१ यांच्या गणिताच्या २ श्रेणी तळाच्या गोषवाऱ्यावरून ठरवल्या आहेत. त्यांचे लेखी व एकूण गुण (४ चौकटी) वाचता आले नाहीत. शक्य मर्यादा शेऱ्यात दिली आहे. हजेरी क्र. ५ व ३६ यांच्या हिंदीच्या लेखी, एकूण व श्रेणी या ६ चौकटी पूर्ण पुसल्या आहेत. त्यांबाबत कोणताही अंदाज केलेला नाही.

इंग्रजी विषयाचे रकाने इंग्रजी अंकांत आहेत असे धरले आहे. तोंडीच्या रकान्यातील ‘८/१०’ अशा नोंदी ‘८’ अशा घेतल्या आहेत. खाडाखोड असलेल्या ठिकाणी शिक्षकांची सही असलेला आकडा घेतला आहे.

कळावे,
आपला विश्वासू

पत्रात मुलांची नावं नाहीत, हजेरी क्रमांक आहेत. पत्राच्या झेरॉक्स फिरतात. नावं मूळ पत्रकात आहेत तेवढी पुरेत. ‘शक्य तितकी काळजी घेतली आहे’ हे वाक्यही मी मुद्दाम टाकलेलं नाही. त्यानं मुख्याध्यापकांना एकही चौकट तपासायला मदत होत नाही. ‘काही आकडे अस्पष्ट होते’ हे त्याहून वाईट, कारण मग त्यांनी सगळे १२६० तपासायचे का, हा प्रश्न उरतो. विनंती पहिल्याच परिच्छेदात आहे आणि ती २३ चौकटींपुरतीच आहे. नऊ, दोन, दोन, चार आणि सहा. पत्रातले आकडे मिळून तेवीसच होतात, हे पाठवण्याआधी एकदा मोजून पाहावं. आकड्यांबद्दलच्या पत्रातली बेरीज चुकली तर पुढचं सगळं वाया गेलं.

मॅडम पत्रक घेऊन बसल्या की काही चौकटी तिथंच सुटतात. त्या वर्षीचे विषयशिक्षक अजून शाळेत असतील तर ते आपलं अक्षर ओळखतात. हिंदीच्या दोन श्रेण्यांसाठी त्या मुलांच्या घरचं प्रगतिपुस्तक मागवता येईल, ते पुरातून वाचलं असेल तर. पण प्रगतिपुस्तकात श्रेणी असते, लेखीचे गुण नसतात. त्यामुळं श्रेणीची चौकट भरली तरी लेखीत आणि एकूणात ‘वाना’ कायम राहू शकतं. तसं राहिलं तर गुणपत्रकावर श्रेणी द्यायची की नोंद उपलब्ध नाही असा शेरा मारायचा, ते मुख्याध्यापिका ठरवतील.

त्यांनी ठरवलेला प्रत्येक आकडा शेऱ्याच्या रकान्यात ‘मु.अ. यांनी पाहिले’ आणि तारीख असं लिहून भरावा, आणि तक्ता नव्या नावानं साठवावा. पहिली फाइल खोडायची नाही. तिची छापील प्रत पत्राच्या प्रतीसह मूळ पत्रकाच्याच फाइलला लावायची, आणि या वेळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात.